पिशवीला कळू न देता

आयव्हीएफमध्ये इंजेक्शनं दहा-बारा दिवस चालतात, स्त्रीबीजं काढायला भूल द्यावी लागते, लॅबमध्ये भ्रूण पाच दिवस वाढवावा लागतो. त्यामानाने एम्ब्रियो ट्रान्सफर म्हणजे टेबलावरची पाच-सात मिनिटं. भूल नाही, टाका नाही. पेशंटला वाटतं, अवघड ते सगळं मागे पडलं. डॉक्टरच्या हाताची परीक्षा मात्र इथे सुरू होते. भ्रूण उत्तम आहे, अस्तर छान तयार झालं आहे, पण कॅथेटर आत जाताना गर्भपिशवी डिवचली गेली, तर आधीच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडू शकतं.

पिशवी डिवचली जाते म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवं. गर्भपिशवी हा स्नायूचा अवयव आहे. अस्तराच्या लगतच्या स्नायूच्या थरातून बारीक लाटा सतत जात असतात. बाईला त्या जाणवत नाहीत, पण सोनोग्राफीचं चित्रण वेगाने पळवून पाहिलं की स्पष्ट दिसतात. ट्रान्सफरच्या सुमारास प्रोजेस्टेरॉनमुळे त्या मंदावलेल्या असतात. 1998 मध्ये इंग्लंडमधल्या हल इथल्या डॉक्टरांनी एक साधा प्रयोग केला. भ्रूणाऐवजी सोनोग्राफीत चमकणाऱ्या द्रवाचा थेंब त्यांनी पिशवीत सोडला. कॅथेटर अलगद गेला तेव्हा थेंब जागेवर राहिला. कॅथेटरचं टोक पिशवीच्या छताला मुद्दाम टेकवलं, तेव्हा जोरकस लाटा उठल्या आणि थेंब सोडल्या जागेवरून हलला. पिशवीचं तोंड चिमट्याने, म्हणजे टेनॅक्युलमने, धरून ओढलं तरी आकुंचन वाढतं, हेही पुढे दिसून आलं. छताला टेकलं, चिमटा लावावा लागला, कॅथेटरला रक्त लागलं, की रुजण्याची शक्यता का उतरते, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

म्हणून मी आधी मॉक ट्रान्सफर करते. भ्रूण नसतो, बाकी सगळं तसंच. तोच कॅथेटर, तोच स्पेक्युलम, लघवी भरलेली, पोटावर सोनोग्राफीचा प्रोब. प्रत्यक्ष ट्रान्सफरच्या आधीच्या महिन्यात, पाळी थांबल्यावर, हे करता येतं. कैरोच्या डॉक्टरांनी 1990 मध्ये पेशंटचे दोन गट पाडून याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधी मॉक झालेल्या गटात ट्रान्सफर सोपे गेले आणि गर्भधारणाही जास्त झाल्या. त्या काळी हे सगळं हाताच्या अंदाजानेच चाले. कॅथेटर कुठे अडतो, किती सेंटिमीटर जातो, कोणत्या बाजूला वळवावा लागतो, एवढं टिपून ठेवायचं. ही टिपणं आजही लागतातच, पण तेवढ्यावर भागत नाही.

याचं कारण माझ्याकडे आलेल्या एका पेशंटच्या बाबतीत नीट दिसलं. वय 36, पहिलं मूल सिझरने झालेलं, नंतर दोन्ही नळ्या बंद. दुसरीकडे दोन ट्रान्सफर होऊन रुजले नव्हते. जुन्या कागदावर एकच ओळ होती: ट्रान्सफर कठीण, टेनॅक्युलम लावले. कठीण कशामुळे, कुठे, काही नाही.

मॉकला मी कॅथेटर आत घातला आणि साधारण चार सेंटिमीटरवर तो थांबला. बोटांना लागलेला अडथळा मऊ होता. अशा वेळी नुसत्या हातावर विसंबलं की दोन गोष्टी होतात. एक तर जोर लावला जातो. नाही तर मऊ कॅथेटर आतल्या आत दुमडत जातो, बाहेरच्या खुणांवरून वाटतं सात सेंटिमीटर गेला, आणि टोक अजून पिशवीच्या तोंडाशीच असतं. सिस्टरने प्रोब थोडा तिरका केला आणि स्क्रीनवर कारण दिसलं. सिझरची जुनी शिवण जिथे भरून आली होती, तिथे पुढच्या भिंतीत एक खाच राहिली होती. पिशवी पुढे झुकलेली असल्यामुळे मी कॅथेटरचं टोक सवयीने पुढच्या बाजूला वळवलेलं होतं, आणि ते नेमकं त्या खाचेत जाऊन बसत होतं.

सिझर झालेल्या बायकांमध्ये अशी खाच नवलाची नाही, आणि सिझरचं प्रमाण वाढतं आहे तशी ती आमच्यासमोर जास्त येते. अशा वेळी जोर उपयोगाचा नसतो, दिशा लागते. मी फक्त बाहेरची नळी घेतली, तिचं टोक किंचित वाकवलं आणि बाक मागच्या भिंतीकडे ठेवून पुढे सरकवली. स्पेक्युलम थोडा सैल केल्यावर कोन आणखी उलगडला. खाच ओलांडल्यावर नळी हळूच फिरवून बाक पुढे आणला, तशी ती पिशवीच्या पोकळीच्या रेषेत आली. बाहेरच्या तोंडापासून छतापर्यंत आठ सेंटिमीटर भरले. फाइलमध्ये मी लिहिलं: चार सेंमीवर पुढे खाच, बाक मागे ठेवून पार करणे, मग पुढे फिरवणे, टेनॅक्युलमची गरज नाही.

पण मॉकचं टिपण हे त्या दिवसापुरतं खरं असतं. लघवी किती भरली आहे त्यावर पिशवीचा कोन बदलतो. इंजेक्शनं घेतल्यावर अंडाशय मोठे होतात आणि पिशवीला ढकलतात. मॉकच्या वेळी मागे झुकलेली पिशवी प्रत्यक्ष ट्रान्सफरला पुढे झुकलेली निघणं तर फारच सामान्य आहे. 2004 मधल्या एका मोठ्या अभ्यासात मागे झुकलेल्या पिशव्यांपैकी निम्म्याहून अधिक अशा फिरलेल्या सापडल्या. तेव्हा मागचं टिपण वाचून डोळे मिटून जाता येत नाही. टिपण वाचायचं, आणि मग स्क्रीनवर पिशवी आज कशी आहे ते पाहायचं.

या पेशंटचा भ्रूण गोठवलेला होता, पाचव्या दिवसाचा ब्लास्टोसिस्ट. ट्रान्सफरच्या दिवशी आधी खाचेत पाणी साठलेलं नाही ना, ते पाहिलं. ते पाणी पोकळीत उतरत असेल तर मी ट्रान्सफर पुढे ढकलते. लघवी पुरेशी भरली नव्हती म्हणून थोडं थांबलो. पोटावरून पाहताना भरलेलं मूत्राशय हीच आमची खिडकी असते. मग पिशवीचं तोंड पुसून तिथला चिकट स्राव हलकेच काढून टाकला. हा स्राव कॅथेटरच्या टोकाशी अडकला तर भ्रूण त्यालाच चिकटून परत येऊ शकतो.

बाहेरची नळी ठरल्याप्रमाणे खाच चुकवून आतल्या तोंडाच्या जरा पुढे नेली आणि तिथे थांबवली. सगळं जागेवर बसल्यावरच एम्ब्रियॉलॉजिस्टला हाक दिली. याचा फायदा असा, की वाट शोधण्यात वेळ गेला तरी भ्रूण तोवर इनक्युबेटरच्या उबेत असतो. तिने नवरा-बायकोची नावं मोठ्याने वाचली, पेशंटकडून वदवून घेतली आणि आतला मऊ कॅथेटर घेऊन आली. त्यात वीस-पंचवीस मायक्रोलिटर द्रव असतो, म्हणजे एका थेंबापेक्षाही कमी, आणि भ्रूणाच्या दोन्ही बाजूंना हवेचे बारीक बुडबुडे. भ्रूण सोनोग्राफीत दिसत नाही. बुडबुडा दिसतो.

कॅथेटरचं टोक छतापासून दीड ते दोन सेंटिमीटर अलीकडे थांबवलं. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी 2002 मध्ये छतापासून 10, 15 आणि 20 मिलिमीटरवर भ्रूण सोडून तुलना केली होती. 15 आणि 20 वर रुजण्याचं प्रमाण 10 पेक्षा चांगलं आलं. नुसत्या हाताच्या अंदाजाने हा फरक सांभाळणं शक्य नाही, कारण छत लागलं हे हाताला छत लागल्यावरच कळतं. सोनोग्राफीचं मोल मला इथे वाटतं: न टेकता अंतर कळतं. पिस्टन सावकाश दाबला, स्क्रीनवर पांढरा ठिपका उमटला, आणि पिस्टन दाबलेलाच ठेवून कॅथेटर हळू बाहेर काढला. पिस्टन सुटला तर द्रव परत कॅथेटरमध्ये ओढला जातो.

एम्ब्रियॉलॉजिस्टने कॅथेटर धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि आतून आवाज दिला, “क्लिअर.” क्वचित भ्रूण कॅथेटरमध्येच राहतो. तेव्हा लगेच पुन्हा ट्रान्सफर करतो, आणि त्याने संधी फारशी कमी होत नाही.

पेशंट टेबलावरून उठायला तयार नव्हती. “मॅडम, उभी राहिले तर खाली नाही ना पडणार?” बाहेर सासूबाईंनी तर पंधरा दिवस पलंगावरून पाय खाली ठेवू द्यायचा नाही असं ठरवूनच ठेवलं होतं. मी दोघींना सांगितलं, “पिशवीची पोकळी म्हणजे रिकामी खोली नव्हे. पुढची-मागची भिंत एकमेकींना चिकटलेली असते. घडीच्या पोळीत तुपाचा थेंब असतो तसा भ्रूण त्या दोन पदरांत असतो. पोळी उभी धरली म्हणून तूप गळत नाही.” उभं राहिल्यावर बुडबुडा हलतो का, हेही सोनोग्राफीने तपासलं गेलं आहे. तो बहुतेक सगळ्यांत जागच्या जागी राहतो. झोपून राहिल्याने गर्भ राहण्याचं प्रमाण वाढत नाही.

या पेशंटला गर्भ राहिला. सहाव्या आठवड्यात ठोके दिसले, आणि गर्भाची पिशवी शिवणीच्या खाचेत नसून वर योग्य जागी आहे, हेही तेव्हाच पाहून घेतलं. सिझरनंतर ते पाहणं सोडायचं नसतं. पण एवढ्यावरून बाक मागे ठेवल्यामुळे गर्भ राहिला असं मी म्हणणार नाही. हा भ्रूण आधीच्या दोघांपेक्षा सकस असू शकतो. गुणसूत्रांत मोठा दोष असलेला भ्रूण कितीही अलगद ठेवला तरी बहुधा रुजत नाही, आणि वयाबरोबर असे भ्रूण वाढत जातात. चांगला हात भ्रूणाला नसलेली ताकद देत नाही. आहे ती संधी वाया जाऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. मात्र हे एवढंच काम डॉक्टरागणिक किती वेगळं होतं, हे एकाच केंद्रातल्या डॉक्टरांचे निकाल शेजारी ठेवले की दिसू शकतं. म्हणून शिकायला येणाऱ्यांना मी आधी भरपूर मॉक करायला लावते, आणि प्रत्येक ट्रान्सफरनंतर चार गोष्टी लिहायला लावते: अडलं का, रक्त लागलं का, स्राव आला का, भ्रूण परत आला का.

ट्रान्सफर अयशस्वी झाल्यावर जोडपी विचारतात, भ्रूण कसा होता, अस्तर किती होतं. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा: कॅथेटर कसा गेला? आणि उत्तर फाइलमध्ये लिहिलेलं मागावं. ‘कठीण’ या एका शब्दाने पुढच्या डॉक्टरला काहीच मदत होत नाही. चार सेंटिमीटरवर पुढे खाच, एवढं वाक्य असेल तर पुढच्या वेळी चिमटा हातात घ्यायचीही वेळ येत नाही.