ओढणीला इंग्रजीत काय म्हणायचं?

आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेला एक मुलगा आता लघुपट करतो. त्याने चौदा मिनिटांच्या लघुपटाची पटकथा मराठीत लिहिली, गावातच चित्रीकरण केलं आणि मग महोत्सवांना फिल्म पाठवायची वेळ आली. महोत्सवाच्या ऑनलाइन अर्जात लॉगलाइन आणि सिनॉप्सिस इंग्रजीत मागतात. "टीचर, ग्रामर तेवढं बघा," म्हणून त्याने मला कागद पाठवले. ग्रामर ठीकच होतं. अडचण दुसरीकडेच होती.

लॉगलाइन म्हणजे एका वाक्यात सांगितलेली फिल्म, साधारण पंचवीस ते पस्तीस इंग्रजी शब्दांत. त्यात चार गोष्टी लागतात: माणूस कोण, त्याच्यापुढे अचानक काय आलं, त्याला काय करायचं आहे आणि ते अवघड का आहे. सिनॉप्सिस म्हणजे कथेचा गोषवारा. तो छोटा असेल तर पन्नास ते शंभर शब्दांत बसवतात आणि मोठा असेल तर पानभर होतो. दोन्ही वर्तमानकाळात लिहितात. निवड करणाऱ्याच्या हाती आधी हेच वाक्य लागतं आणि फिल्म निवडली गेली तर बऱ्याचदा तेच कार्यक्रमपत्रिकेत छापलं जातं. म्हणजे फिल्म न पाहिलेल्या माणसाला आपली गोष्ट पहिल्यांदा कळते ती या वाक्यातून.

आता त्याची गोष्ट. पटकथेचं नाव 'वाकळ'. साताऱ्याकडच्या एका गावात एक वयस्कर बाई जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवते. सगळं गाव तिला खाला म्हणतं. शेजारची काकू वारते. काकूचा मुलगा आईच्या साड्यांचं गाठोडं खालाकडे आणून टाकतो आणि म्हणतो, "उद्या सकाळी मला परत जायचंय, तेवढ्यात एक वाकळ होईल का?" रात्री गाठोडं सोडताना साड्यांमध्ये खालाची स्वतःची लग्नातली लाल ओढणी निघते. तीस वर्षांपूर्वी ती गायब झाली होती आणि तिच्यापायी दोघी मैत्रिणींचं बोलणं तुटलं होतं. काकूने ती नेली होती, की कुठेतरी सापडल्यावर द्यायला लाज वाटली, की आठवण म्हणून जपली, हे पटकथा सांगत नाही.

त्याने लिहिलेली लॉगलाइन मराठीत सांगायची तर अशी होती: 'महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातल्या एका छोट्याशा गावात, जिथे दोन धर्मांमध्ये दरी आहे, तिथल्या एका बुरख्यातल्या मुस्लिम विधवेला तिच्या हिंदू मैत्रिणीने चोरलेली तिची ओढणी सापडते आणि तिचं आयुष्य कायमचं बदलून जातं.' ओढणीसाठी त्याने 'वेडिंग व्हेल' असा शब्द घातला होता.

पहिली गोष्ट वाक्याच्या बांधणीची. मराठीत आपण आधी जागा, वेळ, परिस्थिती मांडतो आणि क्रियापद शेवटी ठेवतो. मराठी वाचणाऱ्याला शेवटपर्यंत थांबायची सवय असते. तीच रचना उचलून इंग्रजीत नेली की बाई येईपर्यंत अर्धं वाक्य संपतं आणि तिच्या हातून काय घडतं ते सगळ्यात शेवटी कळतं. त्यात 'आयुष्य कायमचं बदलून जातं' हे तर कुठल्याही फिल्मला चिकटवता येईल. म्हणून गाव काढलं. गाव फिल्मच्या पहिल्याच चौकटीत दिसतं आणि अर्जात देशाचा रकाना वेगळा असतोच. वाक्याची सुरुवात बाईपासून केली आणि तिची ओळख तिच्या कामाने दिली, 'ॲन एजिंग क्विल्ट-मेकर'. लॉगलाइनमध्ये पात्राचं नाव सहसा घालत नाहीत, कारण परक्या वाचकाला नावातून काहीच कळत नाही आणि कामातून बरंच कळतं. इथे तर कामातच गोष्ट आहे: जी शिवते तिच्याच हातात ते कापड आलं आहे.

दुसरी गोष्ट सर्वनामाची, आणि ती मला भाषा शिकवणारी म्हणून फार आवडली. या वाक्यात दोन बायका आहेत. इंग्रजी 'हर' दोघींनाही लागू पडतो. 'हर स्कार्फ' म्हटलं तर कोणाचा? मराठीत आपल्याकडे 'आपली' आहे, उर्दूत 'अपनी' आहे. 'तिला आपली ओढणी सापडते' म्हटलं की शंका उरत नाही. इंग्रजीत असा स्वतंत्र शब्द नाही, म्हणून तिथे 'हर ओन' लिहावं लागतं. मराठी पटकथेवरून इंग्रजी करताना जिथे जिथे 'आपला, आपली, आपलं' येतं तिथे थांबून बघावं. बहुतेक वेळा 'ओन' तरी हवा असतो किंवा नाम पुन्हा लिहावं लागतं. 'खाला' आणि 'काकू' यांचंही तसंच. दोन्हींना 'आंट' केलं तर परका वाचक रक्ताचं नातं शोधत बसतो. इथे 'फ्रेंड' पुरे. सिनॉप्सिसमध्ये, मुलगा तिला खाला म्हणतो, एवढं एकदा सांगितलं की झालं.

तिसरी गोष्ट 'चोरलेली' या शब्दाची. पटकथेत कुणीही हा शब्द वापरत नाही. फिल्मचा सगळा ताण याच प्रश्नावर उभा आहे आणि लॉगलाइनने निकाल देऊन टाकला होता. 'स्टोलन'च्या जागी 'लॉस्ट' आलं तेव्हा प्रश्न पुन्हा उघडा झाला. भाषांतर करताना आपण अर्थ स्पष्ट करायला जातो आणि लेखकाने मुद्दाम मिटलेलं तोंड उघडतो. एक साधी तपासणी आहे: लॉगलाइनमधलं प्रत्येक विशेषण पटकथेत बोटाने दाखवता येतं का ते पाहायचं. दाखवता आलं नाही तर ते आपण बाहेरून आणलेलं असतं.

याच तपासणीत बुरखा आणि दरी दोन्ही गळले. पटकथेत खाला डोक्यावर पदर घेते, बुरखा कुठेच नाही. गावात तेढ असल्याचं एकही दृश्य नाही. मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "टीचर, बाहेरच्या महोत्सवांना असं असलं की लवकर कळतं." कुणीतरी त्याला तसा सल्ला दिला होता. माझं म्हणणं एवढंच होतं की निवड करणारा माणूस हे वाक्य वाचून फिल्म बघायला बसेल आणि चौदा मिनिटं त्या तेढीची वाट बघेल. ती येणार नाही आणि जे आहे ते त्याच्या नजरेतून निसटेल. शिवाय खाला आपल्यासारखीच कुणीतरी आहे. दोन मैत्रिणी एका ओढणीवरून भांडल्या, एवढं साधं भांडण करायचा तिलाही हक्क आहे. तिच्या प्रत्येक दुःखाला धर्माचं नाव कशाला?

'व्हेल' शब्दावर मी सगळ्यात जास्त अडून बसले. शब्दकोशात ओढणीपुढे तो सापडतो. पण इंग्रजी वाचकाच्या मनात 'व्हेल' चेहऱ्यावर येतो आणि मुसलमान बाईच्या बाबतीत तर तो लगेच बंधनाची खूण होतो. आपल्याकडे लग्नातली लाल ओढणी म्हणजे हौस. तिची जरीची किनार, पेटीत घडी घालून ठेवलेली तिची जागा. 'शॉल' म्हटलं तर थंडीचं कापड डोळ्यांपुढे येतं. शेवटी 'वेडिंग स्कार्फ' ठेवला. थोडा फिका आहे, पण खोटं बोलत नाही.

मग धर्माची ओळख पुसून टाकायची का? तेही नाही. कसोटी अशी: तो शब्द काढला तर गोष्टीचा पेच मोडतो का? इथे मोडत नाही, म्हणून लॉगलाइनमध्ये नको. उद्या एखादी फिल्म घर भाड्याने न मिळणाऱ्या मुस्लिम जोडप्याची असेल तर तिथे तो शब्द काढणं हीच लबाडी ठरेल, कारण अडथळाच तो आहे. आणि 'वाकळ'च्या सिनॉप्सिसमध्ये 'खाला' हाक आहे, ईदच्या दिवशी काकूच्या घराकडे न गेलेलं ताट आहे. तेवढ्यावरून वाचकाला जे कळायचं ते कळतं.

अखेर वाक्य असं झालं: 'व्हेन ॲन एजिंग क्विल्ट-मेकर फाइंड्स हर ओन लॉस्ट वेडिंग स्कार्फ अमंग अ डेड फ्रेंड्स सारीज, शी हॅज वन नाइट टू डिसाइड: शो इट टू द सन, ऑर सो इट इंटू हिज क्विल्ट.' बत्तीस शब्द. बाई आहे, घटना आहे, एका रात्रीची मुदत आहे आणि दोनच वाटा आहेत. तीस वर्षांचा अबोला यात मावला नाही, तो सिनॉप्सिसमध्ये गेला.

छोटा सिनॉप्सिस चार वाक्यांचा केला. पहिल्यात गाठोडं आणि सकाळची मुदत, दुसऱ्यात ओढणी, तिसऱ्यात तुटलेली मैत्री, चौथ्यात खाला सुई ओवते आणि वाक्य थांबतं. हा मजकूर प्रेक्षकांसमोर जाऊ शकतो, म्हणून त्यात शेवट सांगितला नाही. मोठा सिनॉप्सिस निवड करणाऱ्यांसाठी किंवा निधी देणाऱ्यांसाठी असतो. तिथे शेवट लपवला तर लेखकालाच तो माहीत नाही असं वाटतं. तिथे सरळ लिहिलं: खाला ओढणी वाकळेच्या पोटात, साड्यांच्या थरांमध्ये घालून वरून धावदोरा घालते. सकाळी मुलगा वाकळेवरून हात फिरवतो, जरीची किनार आतून टोचते, तो विचारतो, आणि ती म्हणते, "राहू दे." 'राहू दे'साठी 'लेट इट बी' घेतलं. 'लीव्ह इट'मध्ये ते गेलं असतं, जाऊ दे असं.

नावाला हात लावला नाही. अर्जात मूळ भाषेतलं नावही देता येतं, म्हणून तिथे 'वाकळ' आणि इंग्रजीसाठी 'द क्विल्ट'. नावातलं एखादं अव्ययसुद्धा काम करतं. नागराज मंजुळे यांच्या 'पावसाचा निबंध'चं इंग्रजी नाव 'ॲन एसे ऑफ द रेन' आहे. शाळेने पावसावर निबंध लिहायला सांगितलेल्या मुलाच्या घरात पाऊस गळत असतो. 'ऑन' घातलं असतं तर तो फक्त गृहपाठ राहिला असता. 'ऑफ'मुळे मराठीतल्या 'चा'चा दुहेरी अर्थ टिकला.

शेवटची दोन कामं बाकी होती. त्याने सिनॉप्सिस पटकथेवरून लिहिला होता आणि पटकथेतलं लग्नाचं दृश्य संकलनात कापलं गेलं होतं, तरी ते सिनॉप्सिसमध्ये तसंच राहिलं होतं. म्हणून पूर्ण झालेली फिल्म एकदा कागद हातात धरून बघितली आणि पडद्यावर नाही ते वाक्य खोडलं. मग सबटायटल्स उघडली. तिथे ओढणीला एका ठिकाणी 'व्हेल', दुसऱ्या ठिकाणी 'दुपट्टा' आणि तिसऱ्या ठिकाणी 'क्लॉथ' म्हटलं होतं. मराठी न समजणाऱ्याला त्या तीन वेगळ्या वस्तू वाटल्या असत्या. तिन्ही ठिकाणी 'स्कार्फ' केलं आणि त्याने अर्ज पाठवून दिला.