पाळणाघरास पाठविलेली चिठ्ठी

तीन वर्षांच्या मुलीला डांग्या खोकला झाल्याचे निदान होताच आईने पाळणाघराच्या ताईंना चिठ्ठी लिहिली. ‘तब्येत बरी नाही’ एवढ्यावर तिने भागविले नाही. रोगाचे नाव आणि तारखा स्पष्ट लिहिल्या.

‘ताई, मुलीला डांग्या खोकला झाला आहे. सर्दी १ तारखेस सुरू झाली. ९ तारखेपर्यंत ती आपल्याकडे येत होती. १० तारखेस प्रतिजैविक औषध सुरू केले आहे. त्याचे पाच दिवस पूर्ण होईपर्यंत ती घरीच राहील. तान्ह्या बाळांच्या पालकांना कृपया आजच कळवावे.’

तारखांना कारण होते. हा रोग आरंभी साध्या सर्दीसारखा भासतो आणि त्याच दिवसांत फार पसरतो. त्याची पहिली लस सहाव्या आठवड्यात मिळते. त्या वयाच्या बाळाला कधी खोकलाही येत नाही. श्वासच थांबतो, ओठ निळे पडतात. आधी कळले, तर पालक सर्दी दिसताच डॉक्टरांकडे जातात.

शेवटी तिने लिहिले : ‘परतल्यावरही तिचा खोकला काही आठवडे राहील. औषध पूर्ण झाल्यावर तो इतरांस लागत नाही, भिऊ नये.’