बासष्ट म्हणजे किती?

मेंदूभोवती आणि मज्जारज्जूभोवती एक नितळ पाणी सतत खेळत असतं. आम्ही त्याला सीएसएफ म्हणतो. मोठ्या माणसात ते एका वेळी साधारण दीडशे मिलिलिटर असतं. दिवसभरात पाचशेच्या आसपास नवं तयार होतं आणि जुनं रक्तात शोषलं जातं. या पाण्यात साखर असते आणि ती रक्तातूनच येते. निरोगी माणसात तिचं प्रमाण रक्तातल्या साखरेच्या साठ टक्क्यांच्या जवळपास राहतं. रक्तात १०० असेल, तर पाण्यात ६०. मेंदूज्वराची शंका आली की आम्ही कमरेतून हे पाणी काढतो आणि त्यातली साखर पाहतो. चाचणी स्वस्त, रिपोर्ट तासाभरात. पण हा आकडा एकटाच वाचला तर तो सरळ फसवतो, आणि मधुमेही माणसात तर हमखास.

मी बेंगळुरूच्या मारतहळ्ळीत न्यूरॉलॉजिस्ट म्हणून काम करतो. रिंग रोडच्या दोन्ही अंगांना आयटीवाले, त्यांच्याकडे राहायला आलेले आईवडील, शिवाय टॅक्सीवाले, सिक्युरिटीवाले, बांधकामावरचे लोक. बेळगाव-सोलापूरकडची माणसं भेटतात तेव्हा वॉर्डात मराठी बोलायला मिळतं. असेच एक गृहस्थ, पन्नाशी ओलांडलेले, आठ-दहा वर्षांचा मधुमेह. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तीन आठवडे बारीक ताप, डोकेदुखी, मग उलट्या. टायफॉइड समजून अँटिबायोटिक झालं होतं. आणलं तेव्हा ते बायकोला नावाने ओळखत होते, पण आज वार कोणता हे त्यांना सांगता येत नव्हतं.

स्कॅनमध्ये मेंदूवर धोकादायक दाब नाही हे पाहून पाणी काढलं. रिपोर्ट आला: पांढऱ्या पेशी १८०, बहुतेक लिम्फोसाइट, प्रथिनं २१०, म्हणजे भरपूर वाढलेली, साखर ६२. लॅबच्या छापील मर्यादेत ६२ नॉर्मल बसते, त्यामुळे त्या ओळीपुढे खूण नव्हती. पेशी लिम्फोसाइट आणि साखर नॉर्मल, म्हणजे व्हायरल मेंदूज्वर असावा, असं कनिष्ठ डॉक्टरने केसपेपरवर लिहिलंही. व्हायरल मेंदूज्वरात साखर सहसा पडत नाही, त्यामुळे त्याचा तर्क पुस्तकाला धरून होता.

पण नर्सच्या चार्टवर पाणी काढायच्या जरा आधी बोटातून घेतलेली साखर होती २९०. बासष्टला दोनशे नव्वदने भागलं की ०.२१ येतं. रक्तात साखर फार वाढली की तिला मेंदूच्या पाण्यात नेणारे वाहक अपुरे पडतात, त्यामुळे अशा माणसात गुणोत्तर ०.६ नसून निरोगी अवस्थेतही त्याहून बरंच खाली, ०.३ च्या आसपास येऊ शकतं. तेवढी सूट देऊनही ०.२१ कमीच. म्हणजे या माणसाच्या पाण्यात साखर पडलेली होती, फक्त रक्तातल्या साखरेने ती झाकली होती.

पडलेली साखर, लिम्फोसाइट, चढलेली प्रथिनं आणि आठवडेच्या आठवडे चाललेला ताप. आपल्या देशात या चौकडीचा पहिला अर्थ क्षयाचा मेंदूज्वर. अर्धवट अँटिबायोटिक मिळालेला साधा जिवाणूजन्य मेंदूज्वरही असा दिसू शकतो, पण त्यात योग्य औषध लागू पडलं की साखर बहुधा दोन-तीन दिवसांत वर येते; क्षयात ती हट्टाने खाली राहते. क्रिप्टोकॉकस नावाची बुरशीही साखर पाडते, म्हणून तिची आणि एचआयव्हीची तपासणी केली. दोन्ही निगेटिव्ह. कॅन्सरच्या पेशी या पाण्यात उतरल्या तरी साखर पडते, त्याही पाहिल्या. नव्हत्या.

साखर जाते कुठे? ‘जंतू खातात’ हे उत्तर अर्धंच खरं आहे. क्षयाचे जंतू पाण्यात इतके विरळ असतात की स्लाइडवर शोधून सापडत नाहीत. एवढी साखर ते कशी फस्त करणार? सुजलेल्या आवरणातून साखर आत यायचं दारच अरुंद होतं. आत जमलेल्या पांढऱ्या पेशी आणि त्रासलेला मेंदू आहे ती साखर भराभर वापरतात आणि पाण्यात लॅक्टेट वाढतं. म्हणून जंतू मेले तरी साखर त्याच क्षणी पूर्ववत होत नाही.

त्याच संध्याकाळी क्षयाची औषधं आणि डेक्सामेथासोन सुरू केलं. क्षयाच्या जीनएक्सपर्ट चाचणीचा पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला. त्यामुळे औषध थांबवलं नाही, कारण या आजारात निगेटिव्ह जीनएक्सपर्टने क्षय नाही असं ठरत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. उदानी आणि डॉ. दस्तूर यांनी मुलांमधल्या क्षयाच्या मेंदूविकारावर जे काम केलं, ते ही चाचणी निघायच्या कितीतरी आधीचं. तेव्हाही रुग्णाची लक्षणं आणि पाण्याचा रिपोर्ट एकत्र वाचूनच निर्णय घ्यावा लागे.

पाचव्या दिवशी पुन्हा पाणी काढलं. या वेळी जास्त, म्हणजे आठेक मिलिलिटर, कारण जंतू विरळ असले की थोड्या पाण्यात ते निसटतात. जीनएक्सपर्ट पॉझिटिव्ह आला. पण घरच्यांच्या नजरेत साखरेचा आकडा भरला: ३४. मेहुणे म्हणाले, “डॉक्टरसाहेब, औषध सुरू असताना बासष्टची चौतीस झाली, म्हणजे वाढलंच की हो दुखणं!” त्या दिवशी रक्तातली साखर इन्सुलिनने १५० वर आणली होती. चौतीस भागिले दीडशे, ०.२३. आजार होता तिथेच होता, रक्तातली साखर तेवढी उतरली होती. मी कागदावर दोन भागाकार करून दाखवले आणि मेहुण्यांना ते पटले. घरी नेलं तेव्हा गृहस्थ वार-तारीख बरोबर सांगत होते. औषधं मात्र वर्षभराच्या बोलीवर.

अशा भागाकारालाही मर्यादा आहेत. रक्तातली साखर बदलली की पाण्यातली बदलायला काही तास लागतात. पाणी काढायच्या दहा मिनिटं आधी डेक्स्ट्रोजचं सलाइन धडाधड गेलं असेल, तर रक्त वर उडी मारतं, पाणी मागे राहतं आणि गुणोत्तर खोटंच कमी दिसतं. म्हणून रक्त आधी घ्यायचं, सुई नंतर. दुसरी गफलत नळीत होते. छोटी नर्सिंग होम नमुना बाहेरच्या लॅबला पाठवतात आणि मारतहळ्ळीच्या पुलाखाली संध्याकाळी काय होतं हे इथल्या कुणालाही विचारा. तासन् तास अडकलेल्या नळीतल्या पेशी साखर खात राहतात. फ्लोराइडची, राखाडी टोपणाची नळी वापरली तर हे थांबतं. ती न वापरता उशिरा पोहोचलेल्या नमुन्यातल्या ‘कमी’ साखरेवर मी विश्वास ठेवत नाही.

“पाठीतलं पाणी काढलं की माणूस अधू होतो,” ही भीती मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत मी सारखीच ऐकतो. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्याच्या फटीतून जाते. नंतर काही दिवस डोकं दुखू शकतं; गंभीर त्रास क्वचितच होतो. मेंदूवर धोकादायक दाब असेल किंवा रक्त गोठत नसेल तर आम्हीच सुई घालत नाही.

तेव्हा घरातल्या कुणाला आठवडाभराहून जास्त ताप, डोकेदुखी, उलट्या आणि बोलण्यात विसंगती असेल आणि डॉक्टर पाणी काढू म्हणाले, तर नाही म्हणू नका. फक्त त्याच वेळची रक्तातली साखर कागदावर लिहिली आहे का, एवढं आवर्जून विचारा.