गोंगाट कुठे दाबायचा

अॅमेझॉनच्या क्लाउडवर गार्डड्यूटी चालू केली की पहिल्या काही दिवसांत कोणीतरी हमखास घाबरून विचारतं, "आपल्यावर एवढे हल्ले होतायत?" होतच होते, आता ते दिसू लागले, इतकंच. 2017च्या अखेरीस आलेली ही सेवा क्लाउड खात्यातल्या आदेशांचे लॉग, नेटवर्कवरची ये-जा आणि डीएनएसच्या विचारणा परस्पर वाचते. त्यासाठी सर्व्हरवर काही बसवावं लागत नाही. काही खटकलं की ती एक फाइंडिंग काढते. त्या फाइंडिंगचं काय करायचं, ही मात्र आमची डोकेदुखी.

मी फाइंडिंग उघडली की आधी `resourceRole` पाहतो. तिथे `TARGET` असेल तर कोणीतरी आपल्या सर्व्हरवर काही करतंय. `ACTOR` असेल तर आपलाच सर्व्हर दुसऱ्यावर काही करतोय. `UnauthorizedAccess:EC2/SSHBruteForce` हीच फाइंडिंग घ्या. पोर्ट 22 जगाला उघडा ठेवला की जगभरचे बॉट त्यावर पासवर्ड घासत बसतात, म्हणून आपण लक्ष्य असताना तिची तीव्रता कमी असते. आपला सर्व्हर दुसरीकडे पासवर्ड घासत असेल तर तीच फाइंडिंग तीव्र होते, कारण तेव्हा तो सर्व्हर बहुधा आपल्या ताब्यात उरलेला नसतो. पहिल्या प्रकाराला माझं उत्तर एकच: पोर्ट बंद करा. अलर्ट दाबून उघडा पोर्ट तसाच ठेवणं हा शुद्ध आळस आहे.

खरी परीक्षा तीव्र फाइंडिंगची असते. आमच्याकडे एकदा `UnauthorizedAccess:IAMUser/InstanceCredentialExfiltration.OutsideAWS` आली. सर्व्हरला त्याच्या रोलसाठी मिळालेल्या तात्पुरत्या किल्ल्या अॅमेझॉनच्या बाहेरच्या पत्त्यावरून वापरल्या गेल्या, असा तिचा अर्थ. म्हणजे सरळसरळ चोरीचा संशय. टीममधल्या नव्या मुलानं पत्ता पाहिला आणि म्हणाला, "सर, हा तर आपल्याच गेटवेचा आयपी आहे. दाबून टाकू?"

"थांब," मी म्हटलं. "गेटवे आपला आहे, पण आत कोण होतं?"

त्या सर्व्हरची इंटरनेटकडे जाणारी वाट व्हीपीएनमधून आमच्या डेटा सेंटरला येत होती आणि तिथल्या गेटवेतून बाहेर पडत होती. त्यामुळे सर्व्हरनं अॅमेझॉनला दिलेला आदेशही बाहेरून आल्यासारखा दिसणार, हे उघड आहे. पण ऑफिसातले लॅपटॉपही त्याच गेटवेतून बाहेर पडतात. एखाद्या डेव्हलपरनं किल्ल्या कॉपी करून स्वतःच्या मशीनवर चालवल्या असत्या, तरी आयपी हाच दिसला असता. म्हणून आधी क्लाउडट्रेलमध्ये `principalId` पाहिला. त्याच्या शेवटी सर्व्हरचा आयडी असतो, त्यावरून किल्ल्या कोणत्या सर्व्हरच्या ते कळलं. मग आदेशाची वेळ घेऊन गेटवेच्या नॅट लॉगमध्ये त्या क्षणाचं कनेक्शन शोधलं. आतला पत्ता त्याच सर्व्हरचा निघाला. आदेशही रोजच्या मॉनिटरिंगचेच होते. तेव्हा कुठे चोरीचा संशय मिटला.

आता दाबायचं कसं? गार्डड्यूटीत सप्रेशनचा नियम लिहिता येतो. त्यात फाइंडिंगचा प्रकार आणि आदेश देणाऱ्याचा आयपी, अशा दोन्ही अटी घातल्या. नुसता प्रकार घातला असता तर उद्या परक्या पत्त्यावरून झालेली खरी चोरीही त्याखाली गेली असती. गेटवेचा आयपी ट्रस्टेड यादीत टाकायला मी साफ नकार दिला. सप्रेशनमध्ये फाइंडिंग तयार होते आणि आर्काइव्हमध्ये जाते, फक्त तिचा निरोप पुढे जात नाही. ट्रस्टेड यादीतल्या पत्त्यासाठी ती तयारच होत नाही, मागाहून शोधायलाही काही उरत नाही.

तरीही हा नियम मला पुरता पटलेला नव्हता, कारण लॅपटॉपवाली शक्यता त्याखाली झाकली जात होतीच. म्हणून सर्व्हर ज्या सेवांना आदेश देत होता त्यांच्यासाठी व्हीपीसी एंडपॉइंट उभे केले. आदेश आतल्या आत जाऊ लागले, गेटवेचा संबंध संपला आणि नियम काढून टाकला. आता गेटवेच्या पत्त्यावरून ही फाइंडिंग आली तर ती आम्ही खरी धरतो: त्या रोलची आधीची सगळी सेशन्स रद्द, सर्व्हर वेगळा, मग चौकशी.

तुमच्याकडे सप्रेशनचे नियम असतील तर प्रत्येकापुढे तो का लिहिला आणि कोणी तपासला हे नोंदवून ठेवा, आणि आर्काइव्ह अधूनमधून चाळा. गार्डड्यूटी फाइंडिंग 90 दिवसच ठेवते.