शेवभाजी, एक तारा आणि रात्री साडेअकराचं उत्तर

आपल्या शहरात नवं हॉटेल निघालं की पहिल्या महिन्यात बोर्डापेक्षा जास्त बघितलं जातं ते गुगल मॅपवरचं त्याचं पान. पुण्या-नाशिकहून लग्नाला आलेला पाहुणा विचारतो, "इथे शेवभाजी कुठे चांगली?" आणि उत्तराची वाट न बघता मोबाईल काढतो. म्हणून आज थोडं लांबलचक लिहितोय. हॉटेल टाकलेल्या किंवा टाकणाऱ्या मंडळींनी वाचावं.

ओळखीतल्या एका नव्या हॉटेलवाल्याचं उदाहरण घ्या. नाव नको. जेमतेम नऊ रिव्ह्यू झाले होते. आठ जणांनी पाच तारे दिले, नवव्याने एक. सरासरी पाचावरून थेट ४.६ वर आली. हेच साठ रिव्ह्यूंमध्ये घडलं असतं तर ४.९ राहिली असती. नव्या माणसाला एक तारा एवढा झोंबतो तो यामुळेच.

त्या ग्राहकाने लिहिलं होतं: पन्नास मिनिटं वाट पाहिली, भाजीत तेलच तेल, फार तिखट, आणि शेवेचा पार चिखल.

आमच्या भाऊंनी रात्री साडेअकराला, गल्ला मोजून झाल्यावर, उत्तर ठोकलं: "तिखट झेपत नाही तर खान्देशात येता कशाला? बिल २८० रुपयांचं आणि गप्पा हजाराच्या." वर त्या माणसाचा मोबाईल नंबरही टाकला. नंबर तरी मी लगेच काढायला लावला. ग्राहकाची खासगी माहिती चारचौघांत टाकणं हा तर सरळ आगाऊपणा.

भाऊ ज्याच्याशी भांडत होते तो परत येणारच नव्हता. ते उत्तर वाचणार होता पुढचा गिऱ्हाईक, आणि तो ठरवणार होता की इथे काही चुकलं तर मालक कसा वागेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला, हॉटेल रिकामं असताना, आम्ही तक्रारीची फोड केली. तिखट आणि तर्री ही चूक नाही, ती शेवभाजीची ओळख आहे. त्याची माफी मागायचं कारण नाही. उशीर मात्र आपला. आणि शेवेचा चिखल? त्या रविवारची बिलं काढली. गर्दी साडेआठ ते साडेनऊची. कळण्याची भाकरी थापायला एकच बाई, एकच तवा. भाजीच्या वाट्या शेव घालून तयार, आणि भाकरीसाठी खोळंबलेल्या. गरम रश्शात शेव दहा मिनिटं बसली की फुगणार, विरघळणार. म्हणजे उशीर आणि चिखल या दोन तक्रारी नव्हत्या, एकच होती.

मग जुनं उत्तर बदललं. मालकाचं उत्तर नंतर दुरुस्त करता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नवं उत्तर असं:

"नमस्कार. रविवारी तुम्हाला पन्नास मिनिटं थांबावं लागलं, त्याबद्दल माफ करा. भाकरीला उशीर झाल्याने शेवही भिजली. आता रविवारी दुसरा तवा लावतोय आणि शेव भाकरी तयार झाल्यावरच घालतो. आमची भाजी तिखट आणि तर्रीची असते, कमी तिखट हवी असेल तर ऑर्डर देताना सांगा, तशी करून देऊ."

एवढंच. "पुढच्या वेळी जेवण फुकट" असं तिथे लिहू नका. तक्रार केली की थाळी मिळते, हे गावाला कळायला वेळ लागत नाही.

आता रोजच्या सवयीचं. प्रोफाईलमधून रिव्ह्यूची लिंक आणि क्यूआर मिळतो, तो काउंटरवर लावा. पैसे देताना प्रत्येकाला एकदाच सांगा, "कसं वाटलं ते लिहा." फक्त खूश दिसणाऱ्यांनाच सांगायचं आणि नाराज माणसाला टाळायचं, हे गुगलच्या नियमात बसत नाही. "पाच तारे द्या, ताक फ्री" हेही नाही. आपल्याकडे सर्रास चालतं, तरी नाही. उद्घाटनाच्या दिवशी भाचे-पुतण्यांकडून चाळीस रिव्ह्यू टाकून घेतले तर ते उडू शकतात, वरून नवे रिव्ह्यू काही काळ बंद होण्याचीही शक्यता. त्यापेक्षा रोज एक-दोन येऊ द्या. तीन महिन्यांत शंभराच्या आसपास जाता, आणि ताज्या तारखा बघून गिऱ्हाईकाचाही विश्वास बसतो.

उत्तरं एकाच माणसाने द्यावीत, दुपारच्या रिकाम्या वेळी, दोन दिवसांच्या आत. शेजारी एक वही ठेवा: वार, वेळ, पदार्थ, तक्रार, काय केलं. भाऊंच्या वहीत पुढच्या महिन्यात "उशीर" तीनदा आला, तिन्ही वेळा शनिवारी रात्री. दुसरा तवा तोवर फक्त रविवारी लागत होता.

राहिला खोटा रिव्ह्यू. कधी न आलेला माणूस, किंवा शेजारचा स्पर्धक. त्याची तक्रार गुगलकडे करता येते, पण "आम्हाला पटला नाही" या कारणाने काहीच निघत नाही. शिवीगाळ, जाहिरात, बनावटपणा असं नियमभंगाचं कारण लागतं. निकाल लागेपर्यंत खाली दोन ओळी पुरतात: "या तारखेची नोंद आमच्याकडे सापडली नाही. कृपया हॉटेलच्या नंबरवर फोन करा, आम्ही बघतो."