फळ्यावरचा भागाकार

रत्नागिरी

चि. मुग्धा,

तुझा फोन झाल्यापासून डोक्यात तेच आहे. सेक्शनचा चार्ज घेतलास आणि पहिल्याच पावसात सकाळी आठला अकरा तक्रारी, टोळी एक! मग ज्याचा फोन मोठा त्याचं काम पहिलं. माझ्या वेळीही हेच चालायचं. 2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळ आलं, दापोली-मंडणगडात पोलांची रांगच्या रांग आडवी झाली, तेव्हा मला कळलं की कामं कमी पडत नाहीत, तास कमी पडतात.

म्हणून फळा. पाळी सुरू होताना प्रत्येक कामापुढे तीन आकडे लिही. किती जणांचं किती अडलंय त्या महत्त्वाला पाचपैकी गुण. थांबलं तर किती लवकर बिघडेल त्या घाईला पाचपैकी. आणि टोळीचे किती तास. पहिले दोन मिळवायचे, तिसऱ्याने भागायचं.

भागायचं का, ते बघ. 11 केव्ही फीडरवर आंब्याची फांदी पडून लाईन तुटलीय, नऊशे घरं अंधारात: 5 आणि 4, तीन तास. भागाकार 3. नळपाणी योजनेच्या पंपाच्या डीपीचा डीओ गेलाय: 4 आणि 4, एक तास. भागाकार 8. फीडर आधी केलास तर त्याचे 9 गुण तीन तास थांबतात आणि पंपाचे 8 चार तास, मिळून 59. पंप आधी केलास तर 8 आणि 36, म्हणजे 44. लोकांचं थांबणं तेवढं घटलं. वेन स्मिथ नावाच्या माणसाने 1956 मध्ये हे सिद्ध करून ठेवलंय. आम्ही मात्र ते खांबावर चढून शिकलो.

आता गोम ऐक. तो पंप त्याच फीडरवर आहे. डीओ बदललास तरी वर लाईनच मेलेली, पंप फिरणार कशाने? त्यामुळे दोन्ही एकच काम धर: 17 गुण, चार तास, सव्वाचार. आधी फीडर, मग पंप. फळ्यावर प्रत्येक कामापुढे ‘वर काय बंद’ असा रकाना नसेल तर गणित बरोबर असूनही तू टोळी चुकीच्या जागी पाठवशील.

बर्फाच्या कारखान्याची डीपी घे. महत्त्व 3, दोन तास. मे महिन्यात मासळी उतरत असते, तेव्हा घाई 5, भागाकार 4. पण 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना बंदी, तेव्हा घाई 2 आणि भागाकार अडीच. म्हणून गुणांचा तक्ता पावसाळ्याआधी, डोकं शांत असताना लिहून ठेव. फोन वाजायला लागल्यावर माणूस गुण देत नाही, घाबरून वाटतो.

एका बागायतदाराच्या बंगल्याची सर्व्हिस वायर: 1 आणि 1, एक तास, भागाकार 2. सहा फोन येतील. फळा दाखव. भांडायचं तर त्यांनी आकड्याशी भांडावं, ‘तुम्हाला एक का दिला’ ते तू सांगू शकतेस. आकडा बदललास तर जुना पुसू नकोस, रेघ मारून शेजारी सही कर. एका ठिकाणी (नाव नको) फळा होता, पण दुपारपर्यंत तीनदा पुसला जायचा. त्यापेक्षा नसलेला बरा.

तासांचा आकडा मात्र तू टाकू नकोस, टोळीतल्या जुन्या वायरमनला विचार. आणि पेट्रोलिंग झालेलं नसेल तर तास कुणालाच माहीत नसतात. तिथे प्रश्नचिन्ह लिही, अर्धा तास बघायला जाण्याचंच काम आधी लाव.

जमिनीवर पडलेली तार फळ्यावर नकोच. तिला गुण नसतात. आधी फीडर बंद, माणूस उभा, मग आकडेमोड.

शेवटी कातळावरची एखादी वाडी. अकरा घरं, चार पोल आडवे: 2 आणि 2, आठ तास, भागाकार अर्धा. ती रोज तळाला जाईल. मी पूर्वी दर पाळीला अशा वाडीला एक गुण वाढवत होतो आणि स्वतःवर खूश होतो. मग हिशोब केला: नुसत्या त्या बंगल्याच्या 2 ला गाठायला बारा गुण हवेत, म्हणजे बारा पाळ्या. तोवर नवी कामं येऊन पुढे बसतात. अर्धे पोल आज, अर्धे उद्या केलेस तरी शेवटची तार जोडेपर्यंत एकही दिवा लागत नाही. म्हणून अशा कामाला भागाकारातून बाहेर काढ. तीन पाळ्या झाल्या की तारीख ठरव, ती फळ्याच्या कोपऱ्यात लिही आणि त्या दिवशी टोळी दुसरीकडे मागितली तरी हलवू नकोस.

अकरा घरांत कुणाकडे तरी मोबाईल चार्ज असेल. तारीख त्याला आजच कळव.

तुझा,
अण्णाकाका