नवं लेबल, जुन्या चुण्या

दिवाळीच्या आधी चिवडा, मसाले, उटणं अशा सगळ्याच पाकिटांना नवं रूप हवं असतं. नवं पाकीट अजून छापखान्यातून आलेलं नसतं, पण त्याचा फोटो मात्र दुकानदारांना आणि जाहिरातीला आजच द्यायचा असतो. मग जुन्या पाउचच्या फोटोवर फोटोशॉपमध्ये नवं लेबल चढवायचं. पॅकेजिंग डिझायनर म्हणून माझ्याकडे हे काम सतत येतं. त्यातली एकच गोष्ट नीट समजली तरी बाकीचं आपोआप सुचत जातं. ती म्हणजे, सावली शाईचा रंग गडद करते, चमक मात्र शाईच्या वरून जाते. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

तिखटाचं एक पाउच घ्या. लाल जमीन, पिवळा पट्टा, पांढरी अक्षरं. नवं लेबल गडद हिरवं आहे. बरेच जण ते फोटोवर ठेवून Multiply करतात. चुण्या दिसतात खऱ्या, पण लालावर हिरवं पडून सगळं काळपट होतं आणि जुनी अक्षरं भुतासारखी आतून डोकावतात. म्हणजे आधी फोटोतून जुनी शाई काढून फक्त सावली मागे ठेवायला हवी.

ती सावली त्याच फोटोत असते. लाल चॅनल उघडून पाहा. लाल, पिवळा आणि पांढरा, तिन्ही रंगांत लाल प्रकाश भरपूर असल्यामुळे तिथे जमीन, पट्टा आणि अक्षरं जवळजवळ एकसारखी उजळ दिसतात. उरतात त्या घड्या आणि कडेची सावली. हा चॅनल कॉपी करून वेगळ्या लेयरवर घ्यायचा. सपाट, उजळ जागी लाल जमिनीचा आकडा समजा 205 आला, तर Levels मधला पांढरा स्लायडर 205 वर आणायचा. हे टाळलं तर सगळं नवं लेबलच मंद होतं, कारण Multiply मध्ये 100 चं 80 होतं. स्लायडर सरकवल्यावर जमीनही पांढरी होते आणि उजेडातली अक्षरं तिच्यात विरघळतात. सावलीतल्या अक्षरांची फिकट खूण मात्र राहते. ती हीलिंग ब्रशने घडीच्या दिशेने पुसायची, आडवी नाही. आता हा लेयर नव्या लेबलवर Multiply करून ठेवा.

एवढ्यावर थांबलात तर पाउच कापडाचं वाटेल. प्लास्टिकची झळाळी गेलेली असते, कारण Multiply गडद हिरव्याला कधीच उजळ करत नाही. तकतकीत फिल्मवरची चमक ही दिव्याच्या उजेडाची असते, तिला खालच्या शाईचा रंग लागत नाही. ती सापडते निळ्या चॅनलमध्ये. लाल आणि पिवळी शाई तिथे काळवंडते, चमकेच्या रेषा पांढऱ्या राहतात. Levels चा काळा स्लायडर शाई पूर्ण काळी होईपर्यंत वाढवायचा आणि लेयर सगळ्यात वर Screen करून ठेवायचा. पांढरी अक्षरं इथेही उजळ दिसतात, ती काळ्या ब्रशने झाकावी लागतात. एखाद्या अक्षरावरून चमक गेली असेल तर तिचा तेवढा तुकडा शेजारच्या रेषेवरून क्लोन करून जोडायचा. या कामात घाई चालत नाही. मेटलाइज्ड फिल्म असेल तर मात्र हा नियम उलटतो. तिथे चकाकी शाईच्या खालून येते आणि तिला शाईचा रंग चढतो.

आता अक्षरं घडीबरोबर वाकायला हवीत. लाल चॅनलमधून साफ केलेली ती करडी प्रत Gaussian Blur ने किंचित मऊ करून वेगळी PSD म्हणून ठेवायची आणि Displace ला नकाशा म्हणून द्यायची. नकाशातला 128 चा करडा जागचा हलत नाही, त्याहून उजळ भाग एका बाजूला सरकतो, गडद भाग दुसऱ्या. स्केल 10 ठेवलं तर सरक फार तर 13 पिक्सेलची होते, पाउचच्या बारीक चुण्यांना एवढी पुरते. नकाशा मऊ न करता वापरला तर अक्षरांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या होतात. तळाची मोठी घडी मात्र Displace ला जमत नाही, कारण उजेड म्हणजे उंची नव्हे. ती Warp ने हातानेच वळवावी लागते. लेबल आधीच Smart Object करून ठेवलं असेल, तर मजकूर बदलला तरी Displace आणि Warp परत करावे लागत नाहीत.

तपासायला माझ्याकडे दोन खुणा आहेत. वरचे लेयर अर्धे पारदर्शक करून जुन्या लेबलची चौकट आणि नवी चौकट घडीवर एकाच जागी वळतात का ते पाहतो. मग फोटो मोठा करून एकच घडी हिरव्या जमिनीवरून पांढऱ्या अक्षरावर जाते तिथे थांबतो. जमिनीवर सावली आणि अक्षर मात्र कोरं, असं दिसलं की काम अजून कच्चं आहे.

आणि छायाचित्रकाराला एक विनंती जरूर करा: छापील पाउचचा फोटो झाला की दिवे न हलवता त्याच आकाराच्या कोऱ्या पांढऱ्या पाउचचाही एक फोटो काढून ठेवा. त्यावर काम केलं की जुनी शाई पुसत बसावं लागत नाही.